बिलिंगच्या मशीनवर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग: एसएसडी किती झिजते, ते मोजायचं कसं आणि थांबवायचं कसं

नागपुरात गांधीबागच्या कापड बाजारात, इतवारीच्या किराणा ओळीत एक मांडणी सतत दिसते. गल्ल्याजवळ एक कॉम्प्युटर, त्यात २५० जीबीची एकच एसएसडी, आणि तिच्यावरच विंडोज, बिलिंगचा डेटा आणि दुकानातल्या चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. पहिलं वर्ष मशीन छान पळते. मग सणाच्या गर्दीत एकेक बिल सेव्ह व्हायला वेळ लागू लागतो आणि दुकानदार विचारतो, "भाऊ, मशीन काहून अशी अटकून राह्यली? डिस्क तर नवीनच हाय ना."

डिस्क नवीन असते, पण ती आतून भरलेली असते आणि वाजवीपेक्षा कितीतरी जास्त लिहीत असते. हे जास्तीचं लिहिणं मोजता येतं आणि बरंचसं थांबवताही येतं. या लेखात हीच मांडणी नमुना म्हणून घेऊन पहिल्या मोजणीपासून शेवटच्या मोजणीपर्यंत जाऊ. आकडे हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुमच्या मशीनचे आकडे तुम्हाला त्याच रीतीने काढता येतील.

आत नेमकं काय घडतं

एसएसडीतल्या नँड फ्लॅशवर लिहिणं आणि पुसणं वेगवेगळ्या मापात होतं. लिहिणं पेजनं होतं. एक पेज साधारण ४ ते १६ केबीचं असतं. पुसणं मात्र ब्लॉकनं होतं, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो, आजच्या चिप्समध्ये हजाराच्या वरही पेजेस असतात. लिहिलेल्या पेजवर पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून तुम्ही एखादं बिल दुरुस्त करून सेव्ह केलं की ड्राइव्ह नवा मजकूर दुसऱ्याच मोकळ्या पेजवर लिहितो आणि जुन्या पेजवर 'बाद' अशी खूण करतो.

मोकळी पेजेस कमी पडली की ड्राइव्हला सफाई करावी लागते. एखादा ब्लॉक निवडायचा, त्यातली अजून कामाची असलेली पेजेस दुसरीकडे उतरवायची आणि मग ब्लॉक पुसायचा. हे उतरवणं म्हणजेच राइट ॲम्प्लिफिकेशन: तुम्ही न सांगितलेलं, पण फ्लॅशला झिजवणारं लेखन. हिशेब सोपा आहे. समजा ब्लॉकमध्ये २५६ पेजेस आहेत आणि त्यातली १९२ अजून कामाची आहेत. ती १९२ हलवल्यावर ६४ पेजेसचीच नवी जागा मिळते. म्हणजे तुमची ६४ पेजेस लिहिण्यासाठी फ्लॅशवर एकूण २५६ लिहावी लागली, चौपट. तेच ब्लॉकमध्ये निम्मी पेजेस बाद असती तर दुप्पटच झालं असतं, आणि ९० टक्के कामाची असती तर दसपट.

तेव्हा सफाईच्या वेळी ब्लॉकमध्ये बाद पेजेस किती सापडतात यावर सगळी झीज अवलंबून आहे. ट्रिम आणि ओव्हर-प्रोव्हिजनिंग या दोन्ही गोष्टी तोच आकडा वाढवतात, फक्त वेगळ्या वाटेने.

फाइल डिलीट केली की विंडोज स्वतःच्या नोंदीत जागा मोकळी झाल्याचं लिहून ठेवतं. ड्राइव्हला त्या नोंदी वाचता येत नाहीत. त्याच्या लेखी ती पेजेस अजून कामाचीच, आणि प्रत्येक सफाईत तो ती जपून इकडून तिकडे नेत राहतो. ट्रिम ही ड्राइव्हला 'हे पत्ते आता बाद' असं कळवणारी आज्ञा. विंडोजमध्ये ती २००९ साली विंडोज ७ पासून आली. ओव्हर-प्रोव्हिजनिंग म्हणजे कधीच भरू न दिलेली जागा. थोडी तर कारखान्यातूनच मिळते. २५० जीबीच्या ड्राइव्हमध्ये बहुधा २५६ गिबिबाइटच्या चिप्स असतात, म्हणजे साधारण २७५ जीबी. वरचे २५ जीबी तुम्हाला दिसत नाहीत. त्यातले काही खराब ब्लॉक आणि फर्मवेअरकडे जातात, उरलेले सफाईला मिळतात.

पहिली पायरी: काहीही बदलण्याआधी मोजा

मशीनवर ड्राइव्हच्या आतल्या नोंदी वाचणारं स्मार्टमॉनटूल्स टाका. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा आणि आलेला मजकूर तारखेसह जपून ठेवा:

```
smartctl --scan
smartctl -a /dev/sda
```

पहिल्या आज्ञेत ड्राइव्हचं नाव वेगळं दिसलं तर दुसरीत `/dev/sda` च्या जागी तेच घाला. सगळे ड्राइव्ह सगळी माहिती देत नाहीत. राइट ॲम्प्लिफिकेशन थेट काढायचं तर दोन आकडे लागतात: कॉम्प्युटरने किती लिहायला सांगितलं आणि फ्लॅशवर प्रत्यक्षात किती लिहिलं गेलं. क्रुशल-मायक्रॉनच्या बऱ्याच साटा ड्राइव्हवर ते या ओळींत मिळतात:

```
246 Total_LBAs_Written
247 Host_Program_Page_Count
248 FTL_Program_Page_Count
```

२४६ म्हणजे कॉम्प्युटरने लिहायला सांगितलेला डेटा, २४७ म्हणजे तुमच्या कामासाठी लिहिलेली पेजेस, २४८ म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या सफाईसाठी वर लिहिलेली. दोन्हींची बेरीज भागिले २४७, हे तुमचं राइट ॲम्प्लिफिकेशन. पण जन्मापासूनचा एकूण आकडा घेऊ नका, कारण त्यात पहिल्या मोकळ्या वर्षाची सरासरी मिसळते आणि आजचं दुखणं झाकलं जातं. दुकान नेहमीसारखं चालू असताना एक आठवड्याच्या अंतराने दोनदा आकडे घ्या आणि फरकावर हिशेब करा.

आपल्या नमुन्यात आठवड्यात २४६ ची नोंद १,२७,००,००,००० ने वाढली. त्यातलं एक एकक ५१२ बाइटचं, म्हणजे ६५० जीबी, दिवसाला सुमारे ९२.९ जीबी. हा आकडा पटतो का, तेही तपासून पाहता येतं. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट, मिळून ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे ८६.४ जीबी. उरलेले साडेसहा जीबी विंडोज, बिलिंग आणि रोजच्या बॅकअपचे. म्हणजे शंभरातलं त्र्याण्णव लेखन कॅमेऱ्यांचं आहे.

त्याच आठवड्यात २४७ ची नोंद २ कोटींनी आणि २४८ ची ५ कोटी २० लाखांनी वाढली. ७.२ भागिले २, म्हणजे ३.६. दिवसाला ९२.९ जीबी सांगितले आणि फ्लॅशवर सुमारे ३३४ जीबी लिहिले गेले. २७५ जीबीच्या फ्लॅशवर हे रोज १.२ वेळा अख्खा ड्राइव्ह पुसून लिहिण्याइतकं होतं. टीएलसी, म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट साठवणारी फ्लॅश साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसणं झेलते. आपण १,५०० धरू. १,५०० भागिले १.२, म्हणजे १,२५० दिवस, साडेतीन वर्षांच्या आत.

तुमच्या ड्राइव्हवर २४८ सारखी ओळ नसेल तर थेट आकडा मिळणार नाही. तेव्हा झिजेची टक्केवारी आणि लिहिलेला डेटा, दोन्ही महिना-दोन महिन्यांच्या अंतराने टिपा. एनव्हीएमई ड्राइव्हवर `Data Units Written` गुणिले ५,१२,००० बाइट हे लेखन, आणि `Percentage Used` ही झीज. ही टक्केवारी शंभराच्या पुढेही जाऊ शकते. डेटा तितकाच लिहिला जात असताना टक्का आधीपेक्षा झपाट्याने चढू लागला, तर आतलं लेखन वाढलं आहे.

दुसरी पायरी: ट्रिम ड्राइव्हपर्यंत पोचते का

इथे बहुतेक जण एका आज्ञेवर थांबतात:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

उत्तर ० आलं तर ट्रिम सुरू आहे. नकारार्थी नावामुळे गोंधळ होतो, म्हणून लक्षात ठेवा: ० चांगला, १ वाईट. १ असेल तर हे चालवा:

```
fsutil behavior set DisableDeleteNotify 0
```

पण ० एवढंच सांगतो की विंडोज ट्रिम पाठवायला राजी आहे. मधल्या वाटेवर ती अडू शकते. यूएसबी केसमधला ड्राइव्ह असेल तर केसमधली ब्रिज चिप पुष्कळदा ट्रिम पुढे देत नाही. अनेक डिस्क एकत्र जोडणारी जुनी रेड कार्डंही अडवतात. म्हणून खरी परीक्षा पॉवरशेलमध्ये, तीही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून:

```
Optimize-Volume -DriveLetter C -ReTrim -Verbose
```

ही आज्ञा व्हॉल्यूमवरची सगळी रिकामी जागा ड्राइव्हला पुन्हा एकदा कळवते. शेवटी किती जागा ट्रिम झाली ते दिसतं. हार्डवेअर साथ देत नसेल तर तशी चूक येते. लिनक्सवर `lsblk --discard` मध्ये `DISC-GRAN` आणि `DISC-MAX` या रकान्यांत शून्य दिसलं तर वाट बंद आहे. शून्य नसेल तर `fstrim -av` चालवा. एक्स्ट४ वर लगेच दुसऱ्यांदा चालवल्यास शून्य बाइट दाखवतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आधी ट्रिम केलेली जागा ते लक्षात ठेवतं. लिनक्सच्या लक्स या सोयीने कूटबद्ध केलेल्या ड्राइव्हवर मात्र ट्रिम मुळात बंद असते, ती `/etc/crypttab` मध्ये `discard` लिहून मुद्दाम सुरू करावी लागते.

रीट्रिम चालवण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: चुकून डिलीट झालेलं एखादं रेकॉर्डिंग किंवा बिलाची फाइल परत काढायची आहे का? ट्रिम झाल्यावर ती मिळण्याची आशा जवळपास संपते. चोरीची तक्रार झाली असेल आणि फुटेज पोलिसांना द्यायचं असेल, तर आधी ते दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

ट्रिम सुरू असूनही ३.६ का

आपल्या नमुन्यात ट्रिम ठीक आहे, उत्तर ० आहे, रीट्रिमही चालतं. तरी आकडा ३.६. कारण कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीत आहे, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

रेकॉर्डिंगची अनेक सॉफ्टवेअर्स सुरुवातीलाच ठरावीक जागा फाइलींनी अडवून ठेवतात आणि मग त्याच फाइलींवर गोल गोल लिहीत राहतात. फाइल कधी डिलीटच होत नाही, तेव्हा ट्रिम जाण्याचा प्रसंगही येत नाही. जुनं दृश्य बाद होतं ते त्याच पत्त्यावर नवं आल्यावरच. त्यामुळे अडवलेली सगळी जागा ड्राइव्हच्या लेखी कायम भरलेली. आपल्याकडे विंडोज आणि बिलिंगचे ७० जीबी, रेकॉर्डिंगचे १६५ जीबी, उरले १५. म्हणजे २७५ पैकी २३५ जीबी, ८५ टक्के फ्लॅश कायम 'कामाची'.

एकच लांब व्हिडिओ सलग लिहिला जात असता तर इतकं बिघडलं नसतं. सलग लिहिलेले ब्लॉक सलगच बाद होतात आणि सफाईला काही हलवावं लागत नाही. पण इथे चार कॅमेऱ्यांचे प्रवाह आणि बिलिंगची बारीक लेखनं एकाच ब्लॉकमध्ये मिसळतात. व्हिडिओची पेजेस दोन दिवसांत बाद होतात, शेजारचं बिल वर्षभर कामाचं राहतं. मग प्रत्येक सफाईत तेच बिल पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. भरीला बहुतेक टीएलसी ड्राइव्ह आधी सेलमागे एकच बिट साठवणाऱ्या वेगवान एसएलसी कॅशमध्ये लिहून नंतर तो डेटा मुख्य फ्लॅशवर उतरवतात, तेही वाढीव लेखनच.

मंदपणाचं कारणही हेच. निवांत वेळ मिळाला की ड्राइव्ह पडद्यामागे सफाई करतो. कॅमेरे चोवीस तास लिहितात, त्यामुळे निवांत वेळ मिळत नाही आणि सफाई बिलाच्या आड येते. ओळखायचं असेल तर एक साधी परीक्षा आहे: रेकॉर्डिंग तासभर बंद ठेवा, मशीन सुरूच राहू द्या, आणि मग बिल सेव्ह करून पाहा. तेव्हा झटकन होत असेल आणि रेकॉर्डिंग सुरू केल्यावर काही वेळात पुन्हा अडकत असेल, तर दुखणं हेच.

तिसरी पायरी: आधी लेखन कमी करा

माझं ठाम मत आहे की या मांडणीत पहिला उपाय ओव्हर-प्रोव्हिजनिंग नाही. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एसएसडीवरून काढून सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या ३.५ इंची हार्ड डिस्कवर न्या. सलग लेखनाला हार्ड डिस्क उत्तम, आणि जागाही मिळते: एसएसडीवरच्या १६५ जीबीत जेमतेम दोन दिवस साठत होते, ४ टीबीवर तोच प्रवाह ४६ दिवस साठतो. दुकानदाराला हा एक मुद्दाच पुरतो.

रेकॉर्डिंग हलवल्यावर एसएसडीवरच्या जुन्या अडवलेल्या फाइली हातानेच डिलीट करा, रिसायकल बिन रिकामी करा आणि रीट्रिम चालवा. मग रोज साडेसहा जीबी उरतात. राइट ॲम्प्लिफिकेशन दुप्पट धरलं तरी फ्लॅशवर १३ जीबी, म्हणजे दिवसाला ०.०५ फेरासुद्धा नाही. या वेगाने फ्लॅश झिजून ड्राइव्ह जाणार नाही; गेला तर दुसऱ्या कारणाने जाईल. अशा मशीनवर वेगळी राखीव जागा सोडायची मुळीच गरज नाही. १५-२० टक्के जागा रिकामी राहू द्या, ट्रिम सुरू ठेवा, बास.

चौथी पायरी: हार्ड डिस्क आत्ता शक्य नसेल तर

छोट्या कॅबिनेटमध्ये जागा नसते, खर्चाला दोन महिने थांबायचं असतं. अशा वेळी राखीव जागा खरोखर उपयोगी पडते. रेकॉर्डिंगची मर्यादा १६५ वरून ११० जीबीवर आणा. फुटेज सव्वा दिवसाचंच राहील, हे दुकानदाराला आधी स्पष्ट सांगा. आता ७० जीबी रिकामे होतात. त्यातले ५० विभाजनाबाहेर काढून ठेवा, नाहीतर कोणीतरी त्यात लग्नाचे फोटो भरून टाकेल.

क्रम पाळा. आधी संपूर्ण बॅकअप. मग रेकॉर्डिंगच्या जुन्या फाइली डिलीट. मग `diskmgmt.msc` उघडून सी ड्राइव्हवर उजवी क्लिक आणि `Shrink Volume`, आकडा ५१२००. विंडोज तितकी जागा द्यायला तयार नसेल तर शेवटाकडे न हलणारी एखादी फाइल बसलेली असते. `powercfg /h off` ने हायबरनेशन बंद करा, पेजफाइल तात्पुरती काढा, मशीन पुन्हा सुरू करून परत प्रयत्न करा.

यापुढची पायरी बहुतेक मार्गदर्शनांत सुटते. कापून काढलेल्या त्या ५० जीबीत पूर्वी डेटा होता, आणि तिथले पत्ते ड्राइव्हला बाद झालेले कळले असतीलच असं नाही. आता तो भाग कुठल्याच व्हॉल्यूममध्ये नाही, त्यामुळे रीट्रिमही तिथे पोचत नाही. ड्राइव्ह तो जुना डेटा वर्षानुवर्षं हलवत बसेल आणि राखीव जागा नुसती नावाची राहील. म्हणून त्या जागेवर तात्पुरता नवा व्हॉल्यूम बनवा आणि क्विक फॉरमॅट करा. विंडोज फॉरमॅट करताना संपूर्ण व्हॉल्यूमला ट्रिम पाठवतं. मग त्या नव्या व्हॉल्यूमवर एकदा `Optimize-Volume` चालवून खात्री करा आणि तो डिलीट करून जागा `Unallocated` राहू द्या. लिनक्सवर त्या रिकाम्या भागाचं पार्टिशन करून `blkdiscard` चालवता येतं. पण पार्टिशनचं नाव चुकलं तर डेटा जाऊ शकतो. `lsblk` ने दोनदा तपासल्याशिवाय एंटर दाबू नका.

आता २७५ पैकी १८० जीबी, सुमारे ६५ टक्के फ्लॅश कामाची. सफाईला आधीपेक्षा पुष्कळ रिकामे ब्लॉक सापडतात. आठवड्यानंतर २४७ आणि २४८ चे फरक पुन्हा घ्या. समजा आकडा १.८ वर आला. लेखन तेच ९२.९ जीबी, पण फ्लॅशवर १६७. दिवसाला ०.६१ फेरे, म्हणजे १,५०० ला पावणेसात वर्षं. कॅमेऱ्यांचा एकही सेकंद न वगळता आयुष्य दुप्पट झालं.

मात्र वॉरंटी वाढत नाही. डब्यावरचा टीबीडब्ल्यू आकडा, म्हणजे किती टेराबाइट लिहीपर्यंत वॉरंटी आहे तो, कॉम्प्युटरने लिहिलेला डेटा मोजतो, फ्लॅशवरचा नाही. १०० टीबीडब्ल्यूच्या ड्राइव्हवर रोज ९२.९ जीबी लिहिले तर ३ वर्षांत मर्यादा संपते, मग राइट ॲम्प्लिफिकेशन ३.६ असो वा १.८. वॉरंटी वाचवायची असेल तर पुन्हा तिसऱ्या पायरीकडेच यावं लागतं.

आठवड्याने आकडा खाली आलाच नाही तर दोन ठिकाणी पाहा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने मर्यादा कमी केल्यावरही जुन्या अडवलेल्या फाइली तशाच ठेवल्या आहेत का, आणि राखीव भाग खरोखर ट्रिम झाला होता का. दुसऱ्याची शंका असेल तर तात्पुरता व्हॉल्यूम पुन्हा बनवून फॉरमॅट करा. त्यात काही जात नाही.

झिजलेला ड्राइव्ह काढल्यावर

बदललेला जुना ड्राइव्ह लोक 'बॅकअप' म्हणून कपाटात टाकतात. नागपुरात हे विशेष धोक्याचं आहे. मेमरी चिप्सची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या जेईएसडी२१८ मानकात घरगुती एसएसडीसाठी अपेक्षा अशी आहे की लेखनाचं पूर्ण आयुष्य संपलेल्या ड्राइव्हने वीज नसताना ३० अंशांवर एक वर्ष डेटा धरून ठेवावा. तापमान जितकं जास्त, तितकी ही मुदत आखडते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना पत्र्याखालच्या बंद गोदामातलं कपाट ३० अंशांवर राहत नाही. जुनी बिलं त्या ड्राइव्हवर असतील तर उन्हाळा लागायच्या आत ती हार्ड डिस्कवर उतरवा, एखाद-दोन फाइली उघडून पाहा, आणि मगच तो ड्राइव्ह बाजूला ठेवा.